भिंतीवरचं पांढरं ताट

जाहिरातीच्या धंद्यात एकाच गिऱ्हाइकाचं काम वर्षानुवर्षं केलं की माणसावर त्या मालाची कळा चढते. साबणाचं काम पाहणारे गृहस्थ बोलण्यात गुळगुळीत होतात, आणि गाद्यांचं काम पाहणारा जेवणानंतर कोणाला सापडत नाही. या न्यायाने घड्याळबाई वक्तशीर होत्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त हिशेबनीसावर यायची. बाकी सगळ्या ऑफिसला त्या घड्याळबाई.

भिंतीवरची घड्याळं बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या जाहिराती त्या करत. जाहिरात म्हणजे दर वेळी एकच गोष्ट: एका घराची बैठकीची खोली, भिंतीवर घड्याळ, आणि त्या घरातला एखादा क्षण. बाबा चष्मा शोधतायत आणि तो त्यांच्याच डोक्यावर आहे. धाकटा अभ्यासाच्या पुस्तकावर झोपलाय. खाली कंपनीचं नाव, बास. पूर्वी हे सगळं छायाचित्रकार, नट आणि भाड्याचा सोफा घेऊन उभं करावं लागे. आता संगणकावरच्या चित्रयंत्राला शब्दांत सांगायचं, की ते चित्र काढून देतं. त्या शब्दांना ऑफिसात प्रॉम्प्ट म्हणतात. बाईंनी नट गेल्याचं दुःख केलं नाही. नट उशिरा येत.

चित्र पास करणारे एकच, आबा. घड्याळांची कंपनी त्यांनी काढली, आता कारभार त्यांची सूनबाई बघते. पण चित्रावर आबांची मान हलल्याशिवाय ते छापलं जात नाही. आबांच्या अटी दोन. घरात जी वेळ चाललीय तीच घड्याळात पाहिजे, आणि जी घड्याळात आहे तिचाच उजेड खोलीत पाहिजे. खोलीची खिडकी डावीकडे आणि ती पश्चिमेला. आबांनी ते घर कधी पाहिलं नव्हतं, कारण ते कुठेच नव्हतं. पण खिडकी पश्चिमेला आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एकदा सकाळच्या चित्रात जमिनीवर लांब ऊन पडलं होतं, तर ते म्हणाले होते, "आज सूर्य रजेवरून उलट्या रस्त्याने आला वाटतं." बाईंनी चित्र मुकाट्याने परत नेलं होतं.

तर अशा या बाईंना दुसऱ्या शहरातल्या नव्या शाखेची प्रमुख म्हणून जायचं होतं. त्यांच्या नवऱ्याची बदली त्या शहरात आधीच झाली होती. तो तिथे एकटा राहून स्वतःच्या हातचं खात होता आणि फोनवर त्याबद्दल फारसं बोलत नव्हता, यावरूनच काय ते समजावं. सासूबाईंनी तर भांडी बांधून ठेवली होती, आणि आता रोज लागणारी भांडी रोज सोडून पुन्हा बांधत होत्या.

साहेबांनी मात्र मध्ये एक पाचर मारली. साहेब म्हणजे या ऑफिसचे प्रमुख; त्यांना बाई जाण्याचं दुःख होतं, पण बाईंमागोमाग घड्याळवाले जाण्याची धास्ती जास्त होती. त्यांनी अट घातली. बाईंनी आपल्या जागी येणाऱ्या माणसासाठी सगळ्या कामाची नोंद लिहायची. त्या नोंदीवरून त्याने पुढचं चित्र करायचं. बाईंनी त्या दिवसांत रजेवर राहायचं. आबांनी चित्र पास केलं तर बाई मोकळ्या. नाही केलं तर बाई इथेच, आणि शाखेवर ऑफिसच्या मालकांचे जावई. जावयांनी तिथल्या केबिनमध्ये एसी कुठल्या भिंतीला आहे याची चौकशीही करून ठेवली होती.

बाईंनी अट हसत मान्य केली. आपण लिहिलेल्या नोंदीवरून पोस्टमनसुद्धा चित्र काढील, असं त्या सासूबाईंना म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, पोस्टमनला त्याचं काम असतं.

नोंद खरोखरच देखणी होती. दिवसाच्या एकेका वेळेची एकेक पाककृती. वर प्रॉम्प्ट, खाली सीडचा आकडा, चित्राचा आकार, यंत्राने शब्द किती काटेकोर पाळायचे तो आकडा, आणि शेजारी त्यातून निघालेलं चित्र. सीड म्हणजे काय हेही बाईंनी सुरुवातीलाच समजावलं होतं. यंत्र चित्राची सुरुवात कोऱ्या पाटीवर करत नाही. ठिपक्यांच्या धुक्यापासून करतं, आणि ते धुकं हळूहळू निवळत त्यातून चित्र येतं. कुठल्या धुक्यापासून सुरुवात करायची ते सीडचा आकडा ठरवतो. शब्द तेच, आकडा तोच, बाकी मांडणी तीच, तर चित्रही तेच येणार. आकडा बदलला की शब्द तेच राहूनही खोली वेगळी, सोफा वेगळा, सगळंच वेगळं. हाताशी चांगला सीड लागणं म्हणजे, बाईंनी लिहिलं होतं, चांगला भाडेकरू मिळण्यासारखं आहे. मिळाला की सोडायचा नाही.

शेवटी एक बारीक ओळ होती. प्रयोगांतले अपेक्षेप्रमाणे न आलेले निकाल येथे दिलेले नाहीत.

हे न आलेले निकाल, खरं तर, आलेल्यांच्या कितीतरी पट होते. बाईंनी ते 'राहू दे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. पण नोंद साहेब वाचणार, कदाचित सूनबाई वाचणार, आणि जावई तर भिंग घेऊन वाचणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. जाता जाता आपल्या नापासाची प्रगतिपुस्तकं कोण चिकटवून ठेवतं?

बाईंच्या जागी येणारा गृहस्थ आधी याच ऑफिसात छपाईला जाणारा मजकूर तपासत असे. पत्ता चुकलाय, तारीख जुनी आहे, फोटोतला माणूस खालच्या नावाचा नाही, हे त्याला लांबून दिसे. लग्नाच्या पत्रिका हातात आल्या तरी तो आधी पेन शोधतो, असं त्याची बायकोच सांगायची. ऑफिसने त्याला आडनावच देऊन टाकलं होतं: दुरुस्ते. माणूस शांत, कामाला चिवट. बाईंनी नोंद त्याच्या हातात दिली, शुभेच्छा दिल्या आणि त्या रजेवर गेल्या.

या वेळचं चित्र होतं पावणेपाचचं. मुलगी शाळेतून आलीय, दप्तर पाठीवर, आईने दार उघडलंय. पावणेपाचची पाककृती नोंदीत होती. माणसं तेवढी बदलायची.

बाई घरी कपाटं रिकामी करत होत्या तेव्हा सूनबाईंचा फोन आला. सूनबाई कमी आणि मुद्द्याचं बोलत.

"बाई, आबांनी चित्र परत पाठवलं."

"कशासाठी?"

"ते विचारतायत, भिंतीवर पावणेपाच वाजलेत आणि कपाटाच्या काचेत दहा वाजून दहा. मुलगी शाळेतून आली, की पळून आली?"

शिवाय उजेडही भलतीकडून येतोय असं ते म्हणत होते, आणि परवा स्वतः ऑफिसात येऊन बसणार होते. सूनबाईंनी एवढं सांगून फोन ठेवला. सासूबाईंनी न विचारता पातेलं पुन्हा सोडायला घेतलं.

बाई ऑफिसात पोचल्या तेव्हा साहेब जागेवर नव्हते आणि जावई होते. जावयांनी आस्थेने विचारलं की रजा मध्येच मोडावी लागली का, आणि हो, तिथल्या केबिनमध्ये पडदे आहेत का हे बाईंना माहीत आहे का. बाई म्हणाल्या, पडदे आहेत, पण ते बाहेरून लावायचे आहेत.

दुरुस्त्यांनी चित्र संगणकाच्या पडद्यावर उघडून ठेवलं होतं. भिंतीवर घड्याळ झकास, पावणेपाचचं. ते खऱ्या घड्याळाचं छायाचित्र. पाककृतीची शेवटची पायरीच ती होती, चित्रात खरं घड्याळ बसवा. पण समोरच्या काचेच्या कपाटात त्या भिंतीचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि त्यात एक पुसटसं घड्याळ, दोन्ही काटे वर करून, एखाद्याने शरण यावं तसं. बाईंनी प्रॉम्प्ट वाचला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"इथं मी 'भिंतीवर एक साधं पांढरं गोल ताट' असं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"होय. मी घड्याळ केलं."

"का?"

"घड्याळाच्या कंपनीच्या जाहिरातीत भिंतीवर ताट कशाला असेल? मला वाटलं, घाईत राहिलं तुमच्याकडून. म्हटलं, न बोलता दुरुस्त करावं. उगाच बाईंना कमीपणा नको."

बाईंना राग आला, आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. माणसाने त्यांची अब्रू राखायला त्यांचं चित्र बुडवलं होतं. त्यांनी ताटाची कथा सांगितली. या यंत्राला घड्याळ म्हटलं की ते दहा वाजून दहाच दाखवतं. पावणेपाच लिहा, साडेआठ लिहा, त्याच्या घरी दहा दहाच. कारण ते शिकलंय जगातली चित्रं पाहून, आणि जगातल्या घड्याळांच्या जाहिरातींत काटे दहा वाजून दहावरच असतात. तसं केलं की काट्यांच्या मध्ये कंपनीचं नाव छान दिसतं. म्हणजे यंत्राला बिघडवलं ते घड्याळाच्या जाहिराती करणाऱ्यांनीच, आणि त्यांत बाईंची सुरुवातीची वर्षंही धरायला हरकत नव्हती. 'दहा वाजून दहा नको' असं प्रॉम्प्टमध्ये लिहून पाहिलं, तर दहा वाजून दहा जास्तच ठसठशीत येई. पोराला 'त्या डब्याला हात लावू नकोस' म्हणावं तसं. शेवटी बाईंनी घड्याळाचं नावच टाकलं. ताटाला काटे नसतात. ताटाच्या जागी मागाहून खरं घड्याळ बसतं, आणि काचेत प्रतिबिंब पडलंच तर नुसता पांढरा गोल दिसतो. तो कुठलीच वेळ सांगत नाही आणि आबांना काही विचारायला जागा उरत नाही.

दुरुस्त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते सावकाश म्हणाले, "बाई, हे नोंदीत कुठाय?"

"नोंदीत ताट लिहिलंय की."

"ताट आहे. ताट का, ते नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. पण ठेच कुठे लागली ते पुढच्याने सांगितलंच नाही, तर मागच्याने काय, दगडाला विचारायचं?"

बाईंनी नोंदीचं ते पान उलटून पाहिलं. बोलण्यासारखं होतं ते दुरुस्ते बोलून चुकले होते.

तरी बाईंचा धीर सुटला नव्हता. पाककृती शाबूत आहे, ताट परत लावू, सीड टाकू, जुनी खोली जशीच्या तशी येईल, दोन तासांचं काम. दुरुस्त्यांनी प्रॉम्प्ट जुना केला, सीडचा आकडा दोनदा ताडून टाकला, बटण दाबलं. धुकं निवळलं. खोली आली ती कोणाची तरी दुसऱ्याचीच. सोफा हिरवा, खिडकी उजवीकडे, आणि ताट भिंतीवर नसून टेबलावर, जेवायला बसल्यासारखं.

बाईंनी आकडा तिसऱ्यांदा ताडायला लावला. आकडा बरोबर होता. तेव्हा त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे यंत्राच्या आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि तो बदललेला होता. बनवणाऱ्यांनी बाईंच्या रजेत नवी, सुधारलेली आवृत्ती आणली होती आणि जुनी बंद केली होती. तसं त्यांनी कळवलंही होतं. ते पत्र दुरुस्त्यांनी शुद्धलेखनासाठी वाचलं होतं आणि त्यात त्यांना एकही चूक सापडली नव्हती.

सीड हा जुन्या यंत्रातल्या धुक्याचा पत्ता. यंत्र बदललं की त्याच आकड्यातून भलतंच चित्र निघतं. बाईंचे सगळे भाडेकरू एका रात्रीत घर सोडून गेले होते. देखण्या नोंदीतली पानंच्या पानं आता नुसती शोभेची.

साहेब आले, त्यांनी सगळं ऐकलं. बाईंनी विचारलं, मी स्वतः बसून करू का हे एक चित्र? साहेब म्हणाले, खुशाल करा, पण मग ते तुमचं चित्र झालं. तुमच्याशिवाय काम चालत नाही हे सिद्ध होईल आणि मग मी तुम्हाला सोडू कसा? जावई दारात उभे होते, त्यांनी याला मान डोलावली. शेवटी ठरलं ते असं: बाईंनी सांगायचं, लिहायचं, पण यंत्राला हात लावायचा नाही. काम दुरुस्त्यांनी करायचं आणि आबांच्या प्रश्नांना उत्तरंही त्यांनीच द्यायची.

बाई खुर्ची ओढून दुरुस्त्यांच्या शेजारी बसल्या. बघता बघता त्यांचा नेहमीचा सूर परत आला. कोणीतरी पाठीला भिंत लावल्याशिवाय त्या सरळ उभ्या राहत नसत, असं त्यांचा नवरा म्हणायचा. त्या म्हणाल्या, "दुरुस्ते, ते 'राहू दे' नावाचं फोल्डर उघडा."

त्या फोल्डरमध्ये काय नव्हतं! तीन हातांची आई होती. एका हातात बशी, एका हातात मूल, आणि तिसरा नुसता कमरेवर. आरशात पाहणारा माणूस होता आणि आरशातला माणूस दुसरीकडेच पाहत होता. वर्तमानपत्रावरची अक्षरं अशी होती की मुंग्यांनी सभा भरवावी. दुरुस्त्यांनी ती पाहून डोळे मिटून घेतले. आणि प्रत्येकाच्या मागे बाईंचा एकेक दिवस गेला होता.

बाई सांगत गेल्या आणि दुरुस्ते लिहीत गेले. संध्याकाळची वेळ हवी म्हणून 'संध्याकाळ' असं लिहायचं नाही. लिहिलं की यंत्र सबंध खोली संत्र्याच्या रसात बुडवतं. वेळ सांगायचीच नाही, उजेड सांगायचा: डावीकडच्या खिडकीतून तिरकं ऊन, सावल्या लांब आणि उजवीकडे. वर्तमानपत्र मागायचं तर घडी घातलेलं मागायचं. माणसाच्या हाताला काहीतरी काम द्यायचं, दप्तराचा पट्टा, दाराची कडी. रिकाम्या हाताला यंत्र बोटं वाढवून देतं. काटेकोरपणाचा आकडा फार वाढवला की रंग भडक होतात आणि माणसं मेणाची दिसतात. लिहिता लिहिता दुरुस्ते मध्येच थांबून 'का' असं विचारत, आणि ज्याचं उत्तर बाईंना ठाऊक नव्हतं तिथे त्यांना 'ठाऊक नाही' असं लिहायला लावत. बाईंना ते आधी झोंबलं, मग सवय झाली. आकडे मेले होते. पण ही ठेचांची यादी नव्या यंत्रालाही बऱ्यापैकी लागू पडत होती. जिथे पडत नव्हती, तिथेही निदान बघायचं कुठे ते कळत होतं. हातांचं तर नवं यंत्र पुष्कळच सुधारलं होतं. बाईंना त्याचा किंचित मत्सर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त्यांनी नवा प्रॉम्प्ट बांधला, ताटासकट. मग एकच प्रॉम्प्ट ठेवून नुसता सीड बदलत लहान लहान चित्रांचा ढीग काढला. लहान अशासाठी की पटपट होतात आणि उजेड कुठून येतो तेवढं त्यांतही दिसतं. ढिगातून त्यांनी डाव्या उजेडाच्या खोल्या वेचल्या, त्यांतून एक निवडली, आणि तिचा सीड पक्का करून मग एका वेळी एकच शब्द बदलत पुढे सरकले. बाईंचे हात मांडीवर होते आणि बोटं मधूनच आपोआप हलत होती. त्या दोनदा 'अहो, ते नको' म्हणायला गेल्या आणि दोन्ही वेळा दुरुस्त्यांनी तेच केलं आणि ते बरोबर निघालं. हे पाहून बाई चहा प्यायला बाहेर गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा दुरुस्ते कपाळाला हात लावून बसले होते. मुलीला दोन सावल्या पडत होत्या. सीड बदलला तरी दोन. बाईंनी चित्र पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की याचं उत्तर आपल्याकडे नाही. ही ठेच त्यांना कधी लागलीच नव्हती. त्या तसं म्हणाल्या. दुरुस्ते म्हणाले, असू दे, आणि पुन्हा पडद्यात डोकं घालून बसले. त्या दुपारी ते जेवायला उठले नाहीत. बाईंना त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच जिव्हाळा वाटला.

आबा आले ते काठी टेकत, मागे सूनबाई. साहेबांनी त्यांना मोठ्या खोलीतली मऊ खुर्ची दिली. ती नाकारून ते पडद्याजवळच्या लाकडी खुर्चीवर बसले. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला दुरुस्ते. जावई चहाचं बघायला म्हणून आले आणि राहिले.

आबांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आधी घड्याळ, मग जमीन, मग कपाटाची काच. काचेत खऱ्या घड्याळाचं उलटं, पुसट प्रतिबिंब होतं. दुरुस्त्यांनी तेही पांढऱ्या गोलावर हाताने बसवलं होतं. मुलगी उंबऱ्यात, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांत, आईचा हात कडीवर. खिडकीतलं ऊन जमिनीवरून लांब सरकून मुलीच्या पायाशी पोचलेलं.

"पोरी," आबा बाईंना म्हणाले, "हे तुझं नाही."

"नाही आबा. यांचं आहे."

आबांनी खुर्चीतल्या खुर्चीत दुरुस्त्यांकडे वळून पाहिलं आणि काठीचं टोक पडद्यातल्या दाराला लावलं. "दार सताड उघडंय. बाहेर दिवस आहे. मग बाहेरचा उजेड आत का नाही आला?"

आजवरच्या चित्रांत असा प्रश्न आलाच नव्हता.

"आला होता," दुरुस्ते म्हणाले. "काल दिवसभर येत होता. खिडकीतून एक आणि दारातून एक, असे दोन उजेड. मुलीला दोन सावल्या. मी दार अर्धं लावून पाहिलं, तर आई मुलीला घरात घेत नाहीये असं दिसायला लागलं. बाहेर ढग आणून पाहिले, तर खिडकीतलंही ऊन गेलं. सगळं फसलं. शेवटी मी असं लिहिलं की दाराबाहेर बंदिस्त जिना आहे, अंधारा. मग एकच सावली आली."

"जिना?"

"हो."

आबांनी काठीचं टोक दारावरून खिडकीवर नेलं. सूनबाईंनी घड्याळात पाहिलं. जावयांनी सहानुभूतीचा चेहरा तयार केला.

"म्हणजे घर वरच्या मजल्यावर आहे," आबा शेवटी म्हणाले. "मला वाटलंच होतं. इतकी वर्षं त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतंय, झाड कधी दिसलं नाही." मग बाईंकडे वळून, थोडं रागावून: "तू कधी बोलली नाहीस ते."

"मलाच माहीत नव्हतं, आबा."

"हं." त्यांनी पुन्हा दुरुस्त्यांकडे पाहिलं. "आणखी काय काय फसलं?"

दुरुस्त्यांनी सांगायला सुरुवात केली. ताटाचं सांगितलं, आणि ताट आपणच दुरुस्त करून बिघडवलं हेही सांगितलं. संत्र्याच्या रसाचं सांगितलं, नव्या आवृत्तीचं सांगितलं. आबा एकेका ठेचेला हुंकार देत होते. तीन हातांच्या आईचं चित्र त्यांनी मुद्दाम उघडायला लावलं आणि सूनबाईंना दाखवून म्हणाले, अशी सून मिळाली असती तर कारखाना दुप्पट झाला असता. सूनबाई म्हणाल्या, दोन हातांवर तिप्पट झालाय. साहेबांना हसावं की नाही ते ठरवता आलं नाही.

उठताना आबांनी मान हलवली. तीच ती मान. "छापा," ते म्हणाले, आणि दुरुस्त्यांना म्हणाले, "पुढच्या वेळी फसलेलीही आणत जा. नुसतं जमलेलं दाखवणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. आमच्याकडे घड्याळ पास करण्याआधी किती वेळा बंद पडलं ते विचारतात." ते बाईंच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ते शब्द त्यांनाही होते हे बाईंना कळलं. त्यांनी ते विनातक्रार घेतले.

जावयांनी बाईंचं सर्वांआधी अभिनंदन केलं आणि बाहेरून लावायच्या पडद्यांबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. साहेबांनी बदलीच्या कागदावर सही केली. बाईंनी नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आईला म्हणावं, पातेली बांध. इथे एकच आहे आणि तेही करपलंय.

निघण्याआधी बाई दुरुस्त्यांच्या टेबलाशी गेल्या. नोंद तिथेच होती, आता दुप्पट जाड. पाककृती मागे गेल्या होत्या आणि ठेचा पुढे आल्या होत्या. सगळ्यात वर दुरुस्त्यांच्या अक्षरात ताजं पान होतं. उघडं दार: दोन सावल्या. कारण, दोन उजेड. उपाय, बंदिस्त जिना. न जमलेले उपाय, आणि त्याखाली मोठी यादी.

बाई ते पान उभ्यानेच वाचत राहिल्या. त्या घरात त्यांनी इतकी वर्षं माणसं बसवली, उठवली, झोपवली, चष्मे हरवले आणि शोधून दिले. दार मात्र कधी उघडलं नव्हतं. हे अपयश आपलं नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

"दुरुस्ते," त्या म्हणाल्या, "मला तिकडे न्यायला याची एक प्रत द्या."

"पूर्ण?"

"पाककृती राहू देत. फसलेलं तेवढं द्या."

दुरुस्त्यांनी पानं मोजून वेगळी केली, आणि देण्याआधी सवयीप्रमाणे एकदा तपासून घेतली.